शिल्लक मालाचा भाव: तुमचे प्रश्न

तपकीर गल्लीत आमचं भागीदारीत वायरचं दुकान आहे. शिल्लक माल फिफोने धरला की नफा जास्त, सरासरीने धरला की कमी. माल तोच, मग नफे दोन कसे?

छोटे आकडे घेऊन बघा. वर्षारंभी १०० बंडलं, दर १,००० रुपये. जूनमध्ये २०० घेतली १,१०० ने, जानेवारीत १०० घेतली १,३०० ने. म्हणजे ४०० बंडलं, खर्च ४,५०,०००. त्यातली २८० तुम्ही १,४०० ने विकली. विक्री ३,९२,०००, शिल्लक १२०.

फिफोत आधी आलेला माल आधी गेला असं धरतात, त्यामुळे शिल्लक राहतो ताजा आणि महाग माल: जानेवारीचे १०० आणि जूनचे २०. किंमत १,५२,०००, नफा ९४,०००. वर्षाची भारित सरासरी पडते १,१२५. त्या दराने शिल्लक १,३५,००० आणि नफा ७७,०००. फरक १७,००० चा. भागीदारी संस्थेला ३० टक्के कर आणि ४ टक्के सेस, म्हणजे ५,३०४ रुपये.

मात्र हे पैसे वाचत नाहीत, पुढे ढकलले जातात. यंदाची अखेरची शिल्लक हीच पुढच्या वर्षाची सुरुवातीची. तो माल विकला की सरासरीवाल्याचा नफा तेवढ्याने वाढतो. भाव उतरू लागले की चित्र उलटं होतं, फिफोत नफा कमी दिसतो.

मग यंदा टॅलीत पद्धत बदलून टाकतो. चालेल ना?

टॅली बदलू देईल, आयकर खातं विचारेल. उत्पन्न मोजण्याचे आयकराचे जे नियम आहेत, त्यातल्या आयसीडीएस २ नुसार फिफो आणि भारित सरासरी दोन्ही चालतात, पण एकदा धरलेली पद्धत सबळ कारणाशिवाय बदलता येत नाही. ‘कर कमी बसतो’ हे कारण नव्हे. टॅक्स ऑडिट असेल तर अहवालात मूल्यांकनाची पद्धत लिहावी लागते, तेव्हा बदल झाकून राहत नाही.

बदलण्यापेक्षा आधी टॅलीत काय निवडलंय ते बघा. `Last Purchase Cost` असेल तर वरची १२० बंडलं सरसकट १,३०० ने, म्हणजे १,५६,००० ला धरली जातील. हे फिफोही नाही आणि सरासरीही. उगाच फिफोपेक्षाही ४,००० चा जास्त नफा दाखवून त्यावर कर भराल. यादीत `LIFO`, म्हणजे शेवटी आलेला माल आधी गेला असं धरणारी पद्धतही दिसेल, पण आयकरासाठी ती चालत नाही.

जुन्या मापाची २० बंडलं पडून आहेत, ९०० च्या वर कोणी घेत नाही. तीही ११२५ नेच धरायची?

नाही. खरेदी खर्च आणि विक्रीतून खरोखर हाती येणारी रक्कम, यांतली कमी असेल ती धरायची, प्रत्येक मालासाठी वेगळी. विकायला दलाली किंवा भाडं पडणार असेल तर तेही ९०० मधून वजा करा. मात्र ३१ मार्चच्या आसपासची एकदोन बिलं किंवा गिऱ्हाइकाने दिलेला भाव लेखी जपून ठेवा. नुसतं ‘माल जुना झाला’ म्हटल्यावर अधिकारी ऐकत नाहीत.