अंबाजोगाईचे पार्सल कोणाकडे द्यायचे?

"मी छत्रपती संभाजीनगरहून येसर, मेतकूट आणि काळा मसाला पाठवतो. ४३१५१७ वर, म्हणजे अंबाजोगाईला, 'अ' कुरिअरची ४० पैकी ३४ पार्सले पोहोचली. 'ब'ची ३ पैकी ३. ॲप 'ब'ला पहिला नंबर देते. ऐकू का?"

नका ऐकू. तीन पार्सले म्हणजे तीन भले ग्राहक, एवढेच. चौथ्याने फोन उचलला नाही की शंभर टक्क्यांचे पंच्याहत्तर होतात.

पण लहान आकडा टाकूनही देऊ नका. त्याला मोठ्या आकड्याचा टेकू द्या. बीड जिल्ह्यातल्या शेकडो पार्सलांवरून त्याच कुरिअरचे यश किती, ते काढा. समजा 'अ'चे ८० टक्के आहे आणि 'ब'चे ७४. आता प्रत्येकाच्या अंबाजोगाईच्या हिशेबात जिल्ह्याच्या दराने वीस कल्पित पार्सले मिसळा. 'अ'ला त्यातली १६ पोहोचलेली मिळतात: ३४ अधिक १६ म्हणजे ६० पैकी ५०, साधारण ८३ टक्के. 'ब'ला १४.८ मिळतात: २३ पैकी १७.८, म्हणजे ७७ टक्के. पार्सल 'अ'ला द्या. 'ब'ची तिथे खरी वीस पार्सले झाली की गावाचा आणि जिल्ह्याचा शब्द समसमान वजनाचा होईल, आणि पुढे गावाचाच चालेल.

वीसच का? तो काही मंत्र नाही. जुन्या दोन महिन्यांच्या नोंदींवरून दहा, वीस आणि तीस असे तिन्ही हिशेब करा आणि तिसऱ्या महिन्याच्या प्रत्यक्ष निकालाच्या सर्वांत जवळ कोणता गेला ते पाहा.

जिल्हा ठरवताना मात्र पिनकोडच्या पहिल्या तीन आकड्यांवर विसंबू नका. लातूर (४१३५१२) आणि धाराशिव (४१३५०१) यांचे पहिले तीन आकडे सोलापूर आणि बारामतीचेच आहेत. बीड जिल्ह्यातली आष्टी तर ४१४ मध्ये, अहिल्यानगरच्या बाजूला आहे. कुरिअरवाल्याला विचारा, "हे गाव तुमच्या कोणत्या हबमधून निघते?" एका हबची गावे एका गटात घ्या. माणसे आणि गाड्या तिथल्याच असतात.

"दर सोमवारी रिपोर्ट काढते तेव्हा यश ९५ टक्क्यांच्या वर दिसते. महिनाअखेर पैसे हातात येतात तेव्हा मात्र परत आलेल्या मालाचा ढीग लागलेला असतो. रिपोर्ट खोटा आहे का?"

रिपोर्ट खरा आहे, घाईचा आहे. पोहोचणारे पार्सल चार-पाच दिवसांत 'डिलिव्हर्ड' होते. न पोहोचणाऱ्यासाठी दोन-तीनदा प्रयत्न होतात, मग ते हबमध्ये पडून राहते, मग उलटा प्रवास. त्याची नोंद बंद व्हायला पंधरा-वीस दिवस सहज जातात. (आमच्या धंद्यात याला आरटीओ, म्हणजे 'रिटर्न टू ओरिजिन' म्हणतात. गाडीच्या पासिंगशी संबंध नाही.)

समजा एका आठवड्यात तुम्ही शंभर पार्सले पाठवली. आठव्या दिवशी ६० पोहोचलेली आणि २ परतलेली दिसतील. बासष्टपैकी साठ, म्हणजे ९७ टक्के! तिसाव्या दिवशी त्याच शंभरातली ७६ पोहोचलेली आणि २४ परतलेली असतील. उरलेली ३८ आठव्या दिवशी हिशेबातच नव्हती.

यात एक वाईट गंमत अशी की जो कुरिअर परतीचा माल जास्त दिवस दाबून ठेवतो, तोच सोमवारी सर्वांत चांगला दिसतो. म्हणून यशाचा हिशेब पाठवल्याच्या तारखेवर बांधा. किमान तीस दिवस जुन्या तुकड्या घ्या आणि पाठवलेल्या सगळ्या पार्सलांनी भागा. तीस दिवसांनंतरही 'इन ट्रान्झिट' असलेले पार्सल नापास धरा.

"अ ६२ रुपये घेतो, परतीचे ५०. ब ४८ घेतो, परतीचे ४५. ब स्वस्त, पण यश कमी. मग निवडायचे कसे?"

शंभर पार्सलांचा हिशेब मांडा. वरचेच आकडे घेऊ: 'अ' ८३ पोहोचवतो, 'ब' ७७. 'अ'चा खर्च ६,२०० अधिक सतरा परतींचे ८५०, एकूण ७,०५०. 'ब'चा ४,८०० अधिक तेवीस परतींचे १,०३५, एकूण ५,८३५. म्हणजे 'अ' १,२१५ रुपयांनी महाग आहे आणि त्या बदल्यात सहा पार्सले जास्त पोहोचवतो. एका जास्तीच्या डिलिव्हरीची किंमत झाली साधारण २०३ रुपये.

आता स्वतःच्या मालाकडे पाहा. कुरिअर सोडून बाकी खर्च वजा जाता एका ऑर्डरमागे १५० रुपये सुटत असतील, तर कमी यशाचा 'ब'च परवडतो. ३०० सुटत असतील तर 'अ'. पैठणी पाठवणाऱ्याने तर 'ब'चा विचारही करू नये. थोडक्यात, एकाच पिनकोडवर मसाल्याचे पाकीट एकाकडे आणि साडी दुसऱ्याकडे जाऊ शकते. परत आलेला मसाला पुन्हा विकता येत नसेल, तर त्याची किंमतही परतीच्या खर्चात धरा. मग 'अ'ची बाजू लवकर जड होते.

मात्र सीओडी आणि प्रीपेड एका रकान्यात घालू नका. प्रीपेड जवळजवळ सगळ्यांचेच पोहोचते. ज्याच्या वाट्याला प्रीपेड जास्त, तो उगाच हुशार ठरतो.

"गेवराई, धारूर भागात दिवाळीनंतर अ चे यश एकदम पडते. जानेवारीत कुरिअर बदलला तरी फरक नाही. आता काय करू?"

बंद दाराला कुरिअर काय करणार? त्या भागातली हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. पत्ता गावाचा आणि माणूस फडात. म्हणून 'अ'च्या जानेवारीची तुलना त्याच्याच सप्टेंबरशी करू नका. 'अ' आणि 'ब' यांची त्याच आठवड्यांतली तुलना करा. दोघेही पडले तर कारण हंगामात आहे. त्या महिन्यांत पार्सल निघण्यापूर्वी एक फोन करा आणि विचारा, "सध्या कुठे आहात?" एकटा 'अ' पडला, तर हबमध्ये माणूस बदलला आहे का ते पाहा. पार्सल हबमधून बाहेरही न पडता "ग्राहक उपलब्ध नाही" असा शेरा पडतो, हे मी माझ्याच मालाच्या बाबतीत पाहिले आहे. दहा ग्राहकांना फोन करून "कुणी आले होते का?" एवढेच विचारा.

पण 'ब'कडे तुमचे एकही पार्सल जात नसेल, तर ही तुलना करणार कशी? म्हणून जिंकलेल्या कुरिअरलाही सगळे देऊ नका. ज्या ऑर्डरच्या क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य असेल, ती दुसऱ्याला द्या. हाताने निवडू नका, नाहीतर अवघड पत्ते नकळत त्याच्याच माथी मारले जातात. महागडा माल यातून वगळला तरी चालेल, फक्त तुलनेतही तो दोन्ही बाजूंनी वगळा.