क्लोराइडचं बॅक टायट्रेशन: लाल रंग टिकत नाही, हिशोब जुळत नाही

पद्धत अशी: सॅम्पलमध्ये नायट्रिक अ‍ॅसिड आणि मोजून जास्तीचं सिल्व्हर नायट्रेट टाकायचं, क्लोराइडशी जुळून उरलेलं सिल्व्हर ब्युरेटमधल्या थायोसायनेटनं मोजायचं. इंडिकेटर फेरिक अ‍ॅलम, सिल्व्हर संपलं की त्यातलं आयर्न थायोसायनेटबरोबर लाल रंग देतं, तोच एंड पॉइंट.

प्रश्न: नायट्रिक अ‍ॅसिड संपलंय, हायड्रोक्लोरिक टाकलं तर चालेल का?

नाही. जे मोजायचंय तेच बाटलीतून ओतताय तुम्ही. आणि नायट्रिक जुनं, पिवळट झालेलं असेल तर तेही तसंच वापरू नका, त्यातल्या नायट्रस अ‍ॅसिडमुळे थायोसायनेटबरोबर उगाच लाल रंग येतो. ते उकळून काढावं लागतं, फ्यूम हूडमध्ये, आणि लॅबमधल्या जाणत्या माणसाला विचारूनच.

प्रश्न: थायोसायनेटचा पहिलाच थेंब पडला आणि सगळं लाल झालं. रीडिंग शून्य लिहू का?

रीडिंगच लिहू नका, सिल्व्हर पुरलेलं नाही. सॅम्पल कमी घ्या किंवा सिल्व्हर नायट्रेट वाढवा आणि पुन्हा करा.

प्रश्न: लाल रंग येतो, हलवलं की जातो. सिनियर म्हणतात पक्का होईपर्यंत टाकत राहा. बरोबर आहे का?

चूक आहे, आणि हा सल्ला इतक्या जणांकडून माझ्याकडे येतो की आता सविस्तरच लिहितो. फ्लास्कमध्ये आधीच सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका बसलेला असतो. सिल्व्हर थायोसायनेट त्याच्याहून कितीतरी कमी विरघळतं, दोघांच्या सोल्युबिलिटी प्रॉडक्टमध्ये साधारण 180 पट फरक आहे. त्यामुळे जास्तीचं सिल्व्हर संपलं की थायोसायनेट त्या साक्यातलंच सिल्व्हर ओढायला लागतं, क्लोराइड परत पाण्यात सुटतं, आयर्नबरोबर बनलेला लाल रंग मोडतो, तुम्ही अजून थेंब टाकता, तो पण जातो, आणि हे चालूच राहतं. ब्युरेटचं रीडिंग फुगतं, म्हणजे उरलेलं सिल्व्हर जास्त दिसतं आणि क्लोराइड कमी भरतं. कायम कमीच, म्हणून तीन रीडिंगची सरासरी काढून हे सुधारत नाही.

आता यात एक गोम आहे. एंड पॉइंटच्या जरा आधीही रंग येऊन जातो, कारण सिल्व्हर थायोसायनेटचा साका थोडं सिल्व्हर स्वतःवर चिकटवून ठेवतो आणि ते सोडवायला फ्लास्क जोरात हलवावाच लागतो. म्हणजे हलवलं नाही तर एंड पॉइंट लवकर येतो, आणि सिल्व्हर क्लोराइड तसंच ठेवून हलवलं तर उशिरा. यातून सुटायचं तर सिल्व्हर क्लोराइड मधून काढायचं. सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावर थोडा वेळ उकळा म्हणजे साका गोळा होतो, गाळा, पातळ नायट्रिक अ‍ॅसिडनं धुवा (नुसत्या पाण्यानं नको, साका परत बारीक होऊन फिल्टरमधून निसटतो), गाळलेलं आणि धुतलेलं पाणी एकत्र करा, ते गार झाल्यावर फेरिक अ‍ॅलम टाकून टायट्रेट करा. गरम असताना लाल रंग नीट उठत नाही. मग मात्र बिनधास्त हलवा.

नायट्रोबेंझिननं साका झाकायची पद्धत पण आहे, 1935 पासून चालत आलेली, पण ते विषारी आहे आणि कातडीतूनही अंगात जातं, तेव्हा लॅब इनचार्जला विचारल्याशिवाय बाटली उघडू नका.

प्रश्न: थायोसायनेटच्या बाटलीवर 0.1 M छापलंय, मग परत स्टँडर्डाइझ कशाला?

कारण छापील आकडा बाटली भरली त्या दिवसाचा, आणि विकणाऱ्याला तो गोल आकडा दाखवायला आवडतो. पोटॅशियम थायोसायनेट ओलावा धरतं, नुसतं वजन करून त्याची नेमकी स्ट्रेंग्थ मिळत नाही. स्ट्रेंग्थ माहीत असलेलं सिल्व्हर नायट्रेट पिपेटनं घ्या, तोच इंडिकेटर, तेच अ‍ॅसिड, आणि टायट्रेट करा. रिपोर्ट कुणाला द्यायचा असेल तर तो आकडा दुसऱ्याकडून तपासून घ्या.

प्रश्न: सिल्व्हर नायट्रेटच्या 40 मिलीमधून ब्युरेटचं रीडिंग वजा केलं, तरी उत्तर जुळत नाही.

मिलिलिटर वजा करू नका, मिलीमोल करा. दोन्ही द्रावणांची स्ट्रेंग्थ सारखी नसते. समजा 25.00 मिली सॅम्पलमध्ये 0.1000 M सिल्व्हर नायट्रेट 40.00 मिली टाकलं आणि 0.0950 M थायोसायनेट 16.00 मिली लागलं.

```
टाकलेलं Ag   = 40.00 × 0.1000 = 4.000 mmol
उरलेलं Ag    = 16.00 × 0.0950 = 1.520 mmol
Cl           = 4.000 − 1.520  = 2.480 mmol
वजन          = 2.480 × 35.45  = 87.9 mg
```

हे 25 मिलीतलं, लिटरला 3.52 ग्रॅम. आता न गाळता रंग पक्का होईपर्यंत टाकत राहिलात आणि रीडिंग 17.20 आलं असं धरा: उरलेलं 1.634, क्लोराइड 2.366, म्हणजे 83.9 मिलिग्रॅम. सव्वा मिलीच्या आतच चूक, पण उत्तर साडेचार टक्क्यांहून जास्त खाली. सॅम्पल आधी डायल्यूट केलं असेल तर तो गुणक शेवटी लावायचा, तो विसरलात का ते वही उघडून बघा.

प्रश्न: ब्रोमाइडलाही गाळायचं का?

गरज नाही, सिल्व्हर ब्रोमाइड सिल्व्हर थायोसायनेटपेक्षाही कमी विरघळतं. आयोडाइडलाही नाही, फक्त तिथे फेरिक अ‍ॅलम सगळं सिल्व्हर टाकून झाल्यावरच घाला, नाहीतर आयर्न आयोडाइडचं आयोडीन करून टाकतं.