सीटी झाला, पेट झाला, तरी बायोप्सी कशाला?

प्रश्न: वडिलांना दोन महिने खोकला आहे. एक्स-रेत डाग दिसला म्हणून सीटी केला, आता पेट स्कॅन आणि बायोप्सी सांगितली आहे. कॅन्सर आहे की नाही, हे एका तपासणीत का कळत नाही?

मी छातीचा डॉक्टर आहे. हा प्रश्न मला रोज कोणीतरी विचारतं, बहुतेक वेळा जरा रागानेच. तो राग मला समजतो, कारण घरच्यांना वाटतं की एकच गोष्ट चार वेळा तपासतायत. पण प्रत्येक तपासणीला विचारलेला प्रश्न वेगळा असतो.

एक्स-रे सांगतो की काहीतरी आहे. निमोनियाचा डागही तसाच दिसतो, म्हणून अँटिबायोटिक देऊन पुन्हा एक्स-रे काढणं चूक नाही. चूक होते ती डाग तसाच राहिल्यावर दुसरा, तिसरा कोर्स देत राहण्यात, किंवा थुंकीत काही न सापडताच क्षयाची औषधं सुरू करण्यात. त्यात महिने जातात. उलटही होतं: हृदयामागची किंवा छोटी गाठ एक्स-रेत दिसतच नाही. तीन आठवड्यांहून जुना खोकला, त्यात रक्त किंवा वजन घटणं असेल, तर एक्स-रे नॉर्मल आला तरी मी सीटी काढतो.

सीटी गाठ कुठे आहे, केवढी आहे आणि कशाला चिकटली आहे ते दाखवतो. गाठ कसली आहे, ते फक्त सुई सांगते.

माझे एक पेशंट होते, एकसष्ट वर्षांचे, सात आठवड्यांचा खोकला. सीटीत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात ३.४ सेंमीची गाठ. शिवाय श्वासनळी जिथे दोन फाट्यांत विभागते, त्याच्या खाली एक लसिकाग्रंथी सुजलेली. पेटमध्ये दोन्ही चमकल्या. रिपोर्ट वाचून मुलगा म्हणाला, "डॉक्टर, म्हणजे पसरलाय ना?" कागदावर तसंच दिसत होतं. मधल्या ग्रंथीत कॅन्सर असेल तर ही तिसरी स्टेज, नसेल तर पहिली. एकीत केमो-रेडिएशनच्या अंगाने विचार होतो, दुसरीत सरळ ऑपरेशन.

पण पेट कॅन्सर दाखवत नाही, साखर जास्त खाणाऱ्या पेशी दाखवतो. जुना क्षय, साधी सूज, यांनीही ग्रंथी चमकते. म्हणून आम्ही ग्रंथीलाच सुई घालायचं ठरवलं. याला ईबस म्हणतात: गुंगी देऊन तोंडातून दुर्बीण श्वासनळीत उतरवायची, तिच्या टोकाच्या सोनोग्राफीवर ग्रंथी बघत नळीच्या भिंतीतून सुई टोचायची. ग्रंथीत कॅन्सर निघाला असता, तर निदान आणि स्टेज दोन्ही एकाच सुईत मिळालं असतं. म्हणून शक्य तिथे आम्ही सगळ्यात लांबच्या संशयित जागेतून तुकडा घेतो.

इथे ग्रंथीत कॅन्सर नव्हता, नुसते सुजेच्या पेशींचे पुंजके होते. मग मूळ गाठीची सीटी बघत बरगड्यांमधून बायोप्सी केली. तीत ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे फुप्फुसाच्या कॅन्सरचाच एक प्रकार, निघाला. मेंदूचा एमआरआय आधीच झाला होता आणि स्वच्छ होता. (मेंदू स्वतःच इतकी साखर वापरतो की पेटमध्ये तिथली छोटी गाठ झाकली जाते.) त्यांचं ऑपरेशन झालं. काढलेल्या सगळ्या ग्रंथी पॅथॉलॉजीत पुन्हा तपासल्या, कारण सुईतून निसटलेलं तिथे सापडू शकतं. त्याही स्वच्छ निघाल्या. स्टेज ठरली १-बी.

बायोप्सीबद्दल दोन गोष्टी. सुईने कॅन्सर पसरतो ही भीती घरोघरी असते. प्रत्यक्षात ते फार क्वचित घडतं. खरा धोका वेगळा आहे: बरगड्यांमधून सुई घातली की फुप्फुसाभोवती हवा साठू शकते. म्हणून काही तास थांबवून पुन्हा एक्स-रे काढतात. बहुतेकदा ती हवा आपोआप जिरते, काहींना नळी घालावी लागते. घरी गेल्यावर अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं, तर लगेच परत या.

आणि रिपोर्टमध्ये "कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत" असं आलं म्हणजे कॅन्सर नाही, असं नव्हे. सुई गाठीच्या मेलेल्या मधल्या भागात गेली असेल, तुकडा अपुरा असेल. नेमकं दुसरं काही कारण सापडलं नाही आणि सीटी संशयास्पद असेल, तर बायोप्सी पुन्हा करावी लागते.

कॅन्सर निघाला, तर त्याच तुकड्यावर ईजीएफआर, एएलके यांसारख्या जनुकांच्या तपासण्या होतात. त्यांना दोन-तीन आठवडे लागू शकतात आणि आजार पुढे गेलेला असेल तर औषध कोणतं, हे बऱ्याचदा त्यावरच ठरतं. म्हणून बायोप्सीच्या आधीच विचारा: तुकडा या तपासण्यांना पुरेल एवढा घेणार का? नंतर मेणात जपलेला तो तुकडा, म्हणजे ब्लॉक, कुठे ठेवला आहे हे लिहून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा रिपोर्टच्या कागदासोबत सीटी-पेटच्या सीडीही न्या. ग्रंथी मी स्वतः चित्रात बघतो, कागदावरून ठरवत नाही.