सहा पिनची केबल आणि मधली तार

प्रश्न: नवीन मॉड्युलर पॉवर सप्लाय घेतलाय, दुसऱ्या कंपनीचा. जुन्याच्या केबल कॅबिनेटमध्ये नीट ओवलेल्या आहेत आणि नव्याच्या सॉकेटमध्ये बसतातही. त्याच ठेवल्या तर खरंच काही जळतं का?

उत्तर:

जळतं. माझ्या दोन हार्डडिस्क आणि एक एसएसडी अशीच गेली, आणि ज्या शब्दामुळे गेली तो तुम्ही प्रश्नातच लिहिलाय: "बसतातही".

माझ्याकडे हा शब्द मेहुण्याच्या तोंडून आला होता. जुना सप्लाय आवाज करायला लागला म्हणून मी नवा आणला, मेहुणा मदतीला आला. मदरबोर्डची २४ पिनची केबल जुनीच ठेवायचा त्याचा विचार होता, पण सप्लायच्या बाजूचा तिचा कनेक्टर नव्याच्या सॉकेटमध्ये जाईचना. म्हणून ती आणि प्रोसेसरची अशा दोन केबल नव्या टाकल्या. ड्राइव्हची केबल मात्र सहा पिनची. ती टक्‌ आवाज करून बसली, लॅचसुद्धा लागलं. शिवाय ती मदरबोर्डच्या मागून तीन ठिकाणी बांधलेली, सोडवायची म्हणजे पाऊण तास. मी म्हटलं, ही पण बदलू या. तो म्हणाला, "दाजी, खाचेत बसली ना, मग झालं. चालणार नसती तर कंपनीने बसूच दिली नसती."

बटण दाबलं. पंखे एक-दोन सेकंद फिरले आणि थांबले. परत दाबलं तर काहीच नाही. तोवर ड्राइव्हच्या कप्प्यातून तो वास आला होता. ज्याला एकदा आलाय त्याला सांगावा लागत नाही.

आता यात घडलं काय ते सांगतो, कारण बहुतेक लोक "केबल मिसळू नका" एवढंच सांगून मोकळे होतात आणि मेहुण्यासारख्यांचं त्याने समाधान होत नाही.

केबलचं जे टोक ड्राइव्हला, कार्डाला किंवा मदरबोर्डला लागतं त्याचं मानक ठरलेलं आहे. ड्राइव्हला लागणाऱ्या साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये ३.३, ५ आणि १२ व्होल्ट कुठे असणार हे जगभर एकच. सप्लायच्या बाजूच्या टोकाला मात्र असं कुठलंही मानक नाही. तिथे कंपनी बाजारात तयार मिळणारा सहा पिनचा प्लॅस्टिक कनेक्टर उचलते आणि कुठल्या भोकात किती व्होल्ट द्यायचे ते आपल्या सर्किट बोर्डाच्या सोयीने ठरवते. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही हे वेगळं असू शकतं, कारण डब्यावर नाव ज्याचं असतं त्यानेच आतला सप्लाय बनवलेला असतो असं नाही.

त्या प्लॅस्टिकच्या खाचांवर भरवसा ठेवू नका. कनेक्टरच्या काही पिनांचं घर चौकोनी असतं, काहींचं एका बाजूने गोलसर. चौकोनी पिन गोलसर भोकात जात नाही, पण गोलसर पिन चौकोनी भोकात आरामात जाते. दोन कंपन्यांच्या खाचा थोड्याफार जुळल्या की केबल बसते. माझी २४ पिनची बसली नाही ते नशीब, सहा पिनची बसली तो घात.

माझ्या जुन्या सप्लायच्या सहा पिनांत वरच्या ओळीत डावीकडून १२, ग्राउंड, ५ असा क्रम होता. नव्यात तोच उलटा: ५, ग्राउंड, १२. खालच्या ओळीत दोन्हीकडे ग्राउंड, ३.३ आणि एक रिकामी जागा. म्हणजे ग्राउंड जागच्या जागी, ३.३ जागच्या जागी, फक्त ५ आणि १२ ची अदलाबदल. याहून वाईट जुळणी सांगता यायची नाही. ग्राउंड आणि १२ उलटसुलट झाले असते तर तिथल्या तिथे शॉर्ट होऊन सप्लाय बहुधा लगेच बंद पडला असता. इथे शॉर्ट नव्हताच. सप्लायच्या दृष्टीने सगळं ठीक होतं.

मेहुण्याचा पहिला मुद्दा हाच: "चांगल्या सप्लायला प्रोटेक्शन असतं, मग त्याने अडवलं का नाही?" प्रोटेक्शन होतं. पण ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शन स्वतःच्या रेलवर, म्हणजे सप्लायमधून निघणाऱ्या ५, १२ अशा एकेका व्होल्टेजच्या लाइनवर, नजर ठेवतं. ५ च्या रेलवर ७ च्या आसपास गेलं की ते सप्लाय बंद करतं. त्या दिवशी ५ च्या रेलवर ५ च होते आणि १२ च्या रेलवर १२ च. चूक केबलच्या आत होती, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय ते सप्लायला दिसत नाही.

ड्राइव्हच्या बाजूला काय झालं? अडीच इंची साटा एसएसडी फक्त ५ व्होल्टवर चालते. तिला सरळ १२ मिळाले, ती तिथेच संपली. साडेतीन इंची हार्डडिस्क मोटरसाठी १२ घेते आणि सर्किटसाठी ५. माझ्या डिस्कच्या मोटरला ५ मिळाले, म्हणून ती फिरलीच नाही, आणि सर्किटला १२. त्या बोर्डावर पॉवर कनेक्टरजवळ एक छोटा काळा चौकोनी भाग असतो, टीव्हीएस डायोड. व्होल्टेज वाढलं की तो जादाचा करंट ग्राउंडला वळवतो. पण तो क्षणभराच्या झटक्यासाठी बनवलेला. इथे मागे १२ ची अख्खी रेल उभी, दहा-दहा अँपियर सहज देणारी. तो तापला, जळला आणि जळताना आतून शॉर्ट झाला. तेव्हा कुठे सप्लायला शॉर्ट दिसला आणि तो बंद पडला. पंखे फिरून थांबले ते यामुळे.

हे त्या दिवशी कळलं नव्हतं. आधी आम्ही नव्या सप्लायलाच शिव्या घातल्या. मग ड्राइव्हची केबल काढली तर मशीन चालू झालं, लावली की बंद. असं दिसलं तर सप्लाय परत करायला धावू नका, ड्राइव्हच्या बोर्डावर शॉर्ट आहे. तरी मेहुणा म्हणाला की नव्या सप्लायने झटका दिला, केबलचा काय संबंध. म्हणून मी मोजायला बसलो.

साटाच्या एका माळेत पाच तारा असतात: एका कडेला १२, मग ग्राउंड, मधोमध ५, मग ग्राउंड, दुसऱ्या कडेला ३.३. पूर्वी पिवळी, काळी, लाल, काळी, नारिंगी असे रंग असायचे, एका नजरेत कळायचं. आता सगळ्या काळ्या. पण मधली तार ५ ची, एवढं लक्षात ठेवलं की पुरतं. मी एकही ड्राइव्ह न लावता, मदरबोर्डची केबलही काढून, २४ पिनच्या कनेक्टरमध्ये १६ आणि १७ नंबरच्या पिना तारेने जोडल्या, म्हणजे सप्लाय एकटा चालू होतो. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, काळी प्रोब ग्राउंडला, लाल मधल्या तारेच्या पिनला. जुना सप्लाय, जुनी केबल: ५.०. नवा सप्लाय, त्याचीच केबल: ५.१. नवा सप्लाय, जुनी केबल: १२.१. मेहुण्याला स्क्रीन दाखवली. त्याने मीटरची बॅटरी तपासायला सांगितली.

तुम्हाला सप्लाय चालूच करायचा नसेल तर कंटिन्युइटीवर ठेवून दोन्ही केबल सुट्या तपासा. एक प्रोब साटाच्या मधल्या तारेच्या पिनला, दुसरी सप्लायच्या टोकाच्या एकेका भोकात. जिथे बीप वाजेल ती जागा कागदावर मांडा, मग १२, ३.३ आणि ग्राउंडचंही तसंच. दोन्ही केबलचे कागद तंतोतंत जुळले तर गोष्ट वेगळी. पण एवढा उद्योग करण्यापेक्षा नवी केबल ओवून होते.

डिस्कचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण तुमच्याआधी कोणी ही चूक करून इथे आलं असेल. दोन्ही डिस्कवर ५ च्या बाजूचा टीव्हीएस मोजला तर जवळपास शून्य ओहम. एकीचा तो डायोड काढून टाकला, बरोबर केबल लावली, ती फिरली आणि सगळा डेटा निघाला. डायोडविना डिस्क बिनकवचाची असते, त्यामुळे डेटा काढायचा आणि तिला निवृत्त करायचं. दुसरीत मोटर चालवणारी चिपही गेली होती, वर टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा. तिथे नुसता तसाच दुसरा बोर्ड लावून चालत नाही, कारण त्या डिस्कपुरती जुळवाजुळव जुन्या बोर्डावरच्या आठ पायांच्या छोट्या रॉम चिपमध्ये असते आणि ती चिप नव्या बोर्डावर हलवावी लागते. ते काम डेटा रिकव्हरीवाल्यांना दिलं. डेटा महत्त्वाचा असेल तर पहिली डिस्कही त्यांच्याकडेच द्या, माझ्यासारखं सोल्डरिंग शिकायला ती वापरू नका. एसएसडीतलं काहीच परत आलं नाही.

तुम्ही ग्राफिक्स कार्डाचं विचारलं नाहीत, पण ओघात आलंच: त्या केबलमध्ये फक्त १२ आणि ग्राउंड असतात. उलटे लागले तर सहसा सप्लाय लगेच बंद पडतो आणि कार्ड वाचतं. सहसा म्हणालो, नेहमी नाही.

आता काही गोष्टी, नाहीतर खाली कोणीतरी येऊन टोकेलच. एक्स्टेन्शन केबल आणि स्प्लिटर यांचा हा प्रश्न नाही, कारण त्यांची दोन्ही टोकं मानकाचीच असतात. तुमच्या नेमक्या मॉडेलसाठी बनवलेल्या दुसऱ्या कोणाच्या केबलही चालतात, फक्त मॉडेल अक्षरन् अक्षर जुळायला हवं. काही कंपन्या आपल्याच मालिकांमध्ये केबल अदलाबदल चालते का याचा तक्ता देतात आणि कॉर्सेअरसारख्या कंपन्या केबलच्या टोकावर तिचा टाइप छापतात. तो बघायचा, अंदाज करायचा नाही.

मेहुण्याचं म्हणणं आजही तेच आहे, फक्त "कंपनीने बसू दिली नसती" ऐवजी आता "कंपनीने बसू द्यायला नको होती" म्हणतो. याला मी माझा विजय मानतो, तो मानत नाही. ती केबल मी टाकलेली नाही. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून, वर जुन्या सप्लायचं मॉडेल लिहून वेगळ्या पिशवीत ठेवलीये. तुमच्या ओवलेल्या केबल काढल्यावर तेवढं कराच, नाहीतर वर्षभराने हीच काळी सहा पिनची केबल खणात सापडेल आणि कुठेतरी बसेलही.