कॅरममध्ये मुद्दाम हरू नका

वहिनी, तुमच्या एकुलत्या मुलाबद्दल लोक ‘भावंड नाही, एकटा पडेल’ म्हणतात, असं तुम्ही लिहिलंत; हे इंदूरला मीही माझ्या मुलाबद्दल खूप ऐकलंय. मुलगा एकटाच ठोकळे रचत रमतो, त्याची काळजी नको. मुलांत गेला की दहा मिनिटांत रडत परततो का, ते बघा. आमच्याकडे आजोबा कॅरममध्ये रोज मुद्दाम हरायचे, म्हणून खालच्या मजल्यावरच्या पोरानं राणी घेतली की आमचा मुलगा बोर्डच उधळायचा. मग आम्ही खरं खेळायला लागलो. दर शनिवारी त्याच दोन मुलांना पोह्यांना बोलवायचं, आणि हातघाईवर येईपर्यंत स्वयंपाकघरातून बाहेर पडायचं नाही. (फार जड जातं हो.) दोनेक महिन्यांनी ‘चल, परत लाव सोंगट्या’ ऐकू आलं. पण मुलांत जाणंच टाळत असेल, शाळेतल्या कुणाचं नाव घेत नसेल, तर वर्गाच्या बाईंना भेटा.