‘चक्रीय’ की ‘वर्तुळाकार’, आणि शेपटीचा हातचा

प्रश्न: सर्क्युलर कन्व्होल्यूशनला मराठीत ‘वर्तुळाकार’ म्हणू की ‘चक्रीय’? लिनियरला ‘रेषीय’ चालेल का? आणि ओव्हरलॅप-ॲड पद्धतीला ‘आच्छादन-बेरीज’ लिहिलं तर अर्थ पोचतो का?

‘चक्रीय’ लिहा. ‘रेषीय’ मी टाळेन. ‘आच्छादन’ मात्र अजिबात नको, कारण तो शब्द ऐकून कुणी प्रोग्रॅम लिहिला तर तो चुकीचा लिहिला जाईल.

‘वर्तुळाकार’ हा आकार सांगणारा शब्द आहे आणि इथे गोल आकाराचं काहीच नाही. गोल फिरतो तो क्रमांक. घड्याळात दहानंतर चार तासांनी दोन वाजतात, तसा सहा जागांच्या पट्टीत सातव्या जागेचा आकडा पहिल्या जागेवर येऊन बसतो. ऋतुचक्रातला ‘चक्र’ हाच अर्थ देतो: संपलं की पुन्हा सुरुवातीपासून. शाळेतला ‘चक्रीय चौकोन’ वर्तुळावर बसलेला असतो, हे खरं. पण कन्व्होल्यूशनच्या संदर्भात तो घोटाळा कुणाचा होणार नाही.

‘रेषीय’ची अडचण वेगळी आहे. ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ शिकलेल्या माणसाच्या डोक्यात ‘रेषीय’ म्हटल्यावर तोच अर्थ येतो, आणि त्या अर्थाने चक्रीय कन्व्होल्यूशनसुद्धा रेषीयच असतं. सिग्नल दुप्पट केला तर उत्तर दुप्पट होतं, दोन सिग्नलांची बेरीज दिली तर उत्तरांची बेरीज मिळते. म्हणजे ‘चक्रीय विरुद्ध रेषीय’ असं लिहिलं की नसलेला विरोध दिसू लागतो. इथला लिनियर म्हणजे सरळ ओळीत जाणारा, मागे न वळणारा. म्हणून ‘सरळ कन्व्होल्यूशन’.

आता ओव्हरलॅप-ॲड. ही पद्धत आकड्यांवर पाहिली की शब्द आपोआप सुचतो. कन्व्होल्यूशन म्हणजे हातचे न घेता केलेला मोठा गुणाकार: प्रत्येक ओळ एक घर सरकवून मांडायची आणि उभी बेरीज करायची. सिग्नल घेऊ १ २ ० ३ २ १ १ ०, आणि फिल्टर १ २ १. सिग्नलचे चार-चार आकड्यांचे दोन ठोकळे करू. पहिल्या ठोकळ्याचं, म्हणजे १ २ ० ३ चं, सरळ कन्व्होल्यूशन १ ४ ५ ५ ६ ३ येतं. चार आकडे दिले, सहा मिळाले. शेवटचे ६ आणि ३ ही त्या ठोकळ्याची शेपटी. सिग्नल थांबला तरी फिल्टरच्या पोटात तो अजून दोन घरं रेंगाळतो.

संगणकावर हे काम एफएफटीने करतात. दोन्हींचे एफएफटी काढायचे, त्यांचा पदोपदी गुणाकार करायचा आणि उलटा एफएफटी घ्यायचा. लांब फिल्टर असेल तर यात खूप वेळ वाचतो. पण एफएफटीला सरळ कन्व्होल्यूशन ठाऊकच नाही. त्याच्या लेखी प्रत्येक पट्टी चक्र आहे. चार जागांचा एफएफटी वापरला तर शेपटीला जागा उरत नाही. ६ आणि ३ वळून पहिल्या दोन आकड्यांवर चढतात आणि उत्तर येतं ७ ७ ५ ५. एकूण बेरीज दोन्हीकडे २४च आहे, त्यामुळे नुसती बेरीज पडताळून ही चूक सापडत नाही. बिघडलेत फक्त पहिले दोन आकडे, बाकीचे बरोबर आहेत. (ओव्हरलॅप-सेव्ह ही जोडीची पद्धत याच गोष्टीवर उभी आहे. तिथे ठोकळे घेतानाच एकमेकांत शिरवतात आणि बिघडलेले आकडे टाकून देतात.)

उपाय असा की ठोकळा आणि फिल्टर, दोघांच्याही शेवटी शून्यं भरून पट्टी पुरेशी लांब करायची. ठोकळा L आकड्यांचा आणि फिल्टर M आकड्यांचा असेल तर N ≥ L + M − 1 हवं. आपल्याकडे ४ + ३ − १ = ६. सहा जागा दिल्या की चक्र असूनही वळून येण्यासारखं काही उरत नाही. म्हणजे दोन कन्व्होल्यूशन वेगळीच राहतात, पण या लांबीला दोघांचं उत्तर एक येतं. दुसऱ्या ठोकळ्याचं, २ १ १ ० चं, उत्तर २ ५ ५ ३ १ ० येतं. ते चार घरं सरकवून खाली मांडायचं:

```
१ ४ ५ ५ ६ ३
        २ ५ ५ ३ १ ०
-------------------
१ ४ ५ ५ ८ ८ ५ ३ १ ०
```

अख्खा सिग्नल एकदम घेऊनही हेच उत्तर येतं. पाचव्या घरासाठी करून पाहा: २ + २×३ + ० = ८.

यात ठोकळे एकमेकांवर आलेले नाहीत. उत्तरं आली आहेत, आणि त्यांनी एकमेकांना झाकलेलं नाही, ती मिसळली आहेत. ‘आच्छादन’ला माझा विरोध याचसाठी आहे. आच्छादन म्हणजे खालचं दिसेनासं होणं. पायथॉनमध्ये हा फरक एका चिन्हाचा आहे:

```python
y[i:i+N] += b
```

इथे `+=` ऐवजी `=` पडलं की दुसऱ्या ठोकळ्याचं उत्तर पहिल्याच्या शेपटीला खरोखरच झाकून टाकतं, आणि ८ ८ च्या जागी २ ५ उरतात.

म्हणून मी या पद्धतीला ‘शेपटी-बेरीज’ म्हणतो, आणि शिकवताना सांगतो की शेपटी हा पुढच्या ठोकळ्याला दिलेला हातचा आहे. एका घरात न मावलेलं पुढच्या घरात मिळवायचं, ही कल्पना आपल्या भाषेत त्या शब्दात आधीच तयार आहे. एक भान ठेवायचं: ठोकळा शेपटीपेक्षा आखूड असेल तर हातचा एका ठोकळ्यात संपत नाही, तो पुढच्या अनेक ठोकळ्यांत मिळवावा लागतो.

शब्दाची निवड कानालाही कळते. ४४१०० हर्ट्झच्या ध्वनीवर २५७ आकड्यांचा फिल्टर लावायचा आणि एफएफटी १०२४ चा असेल, तर ठोकळा ७६८ चा घ्यावा लागतो. एकदा मी ठोकळाही १०२४ चाच घेतला होता. प्रत्येक ठोकळ्याच्या सुरुवातीला शेपटी येऊन आदळत होती, सेकंदाला सुमारे ४३ वेळा, आणि आवाजाखाली खरखरीत गुणगुण लागली होती. कारण शोधायला मी सगळी शून्यं आणि ठोकळ्याच्या अगदी शेवटी एकच १ असा सिग्नल दिला. फिल्टरचा पहिला आकडा त्या १ च्या जागी दिसला आणि बाकीचे त्याच ठोकळ्याच्या आरंभी, म्हणजे तो १ येण्याच्या हजारेक घरं आधी. टाळी वाजण्याआधीच तिचा पडसाद ऐकू यावा तसं. जिथे परिणाम कारणाच्या आधी दिसतो तिथे चक्र शिरलेलं आहे, असं खुशाल समजा. शेपटी झाकली गेली असेल तर असं आधी काही दिसत नाही. त्या १ नंतर जे यायला हवं तेच गायब असतं.