सेडान की हॅचबॅक? काच कुठे बसवली आहे ते बघा

प्रश्न : "स्कोडाची ऑक्टाव्हिया दिसायला अगदी सेडान, पण डिकी उघडली की मागची काचही वर जाते. मग तिला सेडान म्हणायचं की हॅचबॅक? आणि कूपे म्हणजे दोन दारांची गाडी, एवढंच ना?"

हॅचबॅकच. नेमकं बोलायचं तर लिफ्टबॅक, म्हणजे सेडानसारखी पाठ असलेली हॅचबॅक. कूपेचं उत्तर मात्र 'एवढंच नाही' असं आहे.

बाजूने दिसणारी आकृती फसवते, म्हणून आधी मागच्या झाकणाची बिजागरी शोधावी. सेडानमध्ये मागची काच गाडीच्या सांगाड्यातच पक्की बसवलेली असते. बिजागरी काचेच्या खाली असते आणि उघडतं ते फक्त डिकीचं झाकण. हॅचबॅकमध्ये बिजागरी छताच्या कडेला असते आणि काचेसकट अख्खा दरवाजा वर जातो. म्हणूनच हॅचबॅकची दारं पाच मोजतात आणि सेडानची चार. गाडी बंद असतानाही हे ओळखता येतं. पत्र्यांमधली फट काचेच्या खालून आडवी गेली असेल तर सेडान. तीच फट काचेच्या दोन्ही बाजूंनी छतापर्यंत चढली असेल तर हॅचबॅक. मागचा वायपर ही खूण लोक हमखास सांगतात, पण ती कच्ची. कित्येक लिफ्टबॅकना वायपर नसतोच.

हा फरक किती खरा आहे ते स्कोडाच्याच 2008 च्या सुपर्बमध्ये दिसतं. तिच्या मागच्या दाराला 'ट्विनडोअर' म्हणत. एक बटण दाबलं की काचेखालचं झाकण तेवढं उघडायचं. दुसऱ्या बटणाने आतल्या कड्या सुटून काचेसह पूर्ण दार छतापासून वर यायचं. गाडी तीच, छताची रेषा तीच, पण एका बटणाने ती सेडान व्हायची आणि दुसऱ्याने हॅचबॅक. पुढच्या पिढीत कंपनीने ही दुहेरी यंत्रणा काढली आणि काचेसह उघडणारं दार ठेवलं.

याचा परिणाम सामान भरताना कळतो. युरोपात डिकीची लिटरमधली क्षमता मोजायला 200 × 100 × 50 मिलिमीटरचे ठोकळे रचतात. एक ठोकळा म्हणजे बरोबर एक लिटर. ठोकळे लहान, त्यामुळे ते कोपऱ्याकोपऱ्यात बसतात आणि सेडानचाही आकडा भरघोस येतो. पण त्या आकड्यात डिकीचं तोंड केवढं आहे ते येत नाही. वॉशिंग मशीनचं खोकं आतल्या पोकळीत मावेल एवढं असलं, तरी काचेखालच्या अरुंद तोंडातून ते आत जाणार नाही. शिवाय काही सेडानांत झाकणाचे वाकडे दांडे बंद होताना डिकीत उतरतात आणि कडेच्या बॅगा दाबतात. मग सेडान बनवतातच का? मागच्या सीटमागची चौकट आणि काचेखालची पट्टी सांगाड्याला ताठपणा देतात, डिकीतला आवाज बैठकीत कमी येतो आणि सामान काढताना आत बसलेल्यांच्या मानेवर गार वारा येत नाही.

इस्टेट म्हणजे छत शेवटपर्यंत जवळजवळ त्याच उंचीवर नेलेली गाडी. मागच्या प्रवाशांच्या दारामागे, थेट डिकीच्या बाजूला आणखी एक मोठी खिडकी असते आणि तिच्यामागे छताला आधार देणारा चौथा खांब. हॅचबॅकमध्ये ही खिडकी एक तर नसते, नाही तर नावापुरता त्रिकोण असतो.

आता कूपे. या नावामागे कापण्याचा अर्थ असलेलं फ्रेंच क्रियापद आहे आणि कापलं जातं ते मुख्यतः मागच्या प्रवाशाच्या डोक्यावरचं छत. दोन दारं हा बहुतेक कूपेंचा गुण खरा, पण अट नाही. रोव्हरने 1962 मध्येच आपल्या पी-5 सेडानचं छत खाली घेऊन चार दारांची 'कूपे' विकली होती. अमेरिकन अभियंत्यांच्या जे-1100 या मानकात तर दारं मोजतच नाहीत. मागच्या बैठकीची जागा 33 घनफुटांहून कमी असेल तर कूपे, त्याहून जास्त असेल तर सेडान. त्या हिशेबाने दोन दारांची ऐसपैस गाडीही सेडान ठरते. मला हा निकष आवडतो, कारण तो जाहिरातवाल्यांच्या हाती नाही.

क्रॉसओव्हर या पंगतीत बसवूच नये. बाकीची चार नावं छत आणि डिकी सांगतात. हे नाव सांगतं की कारच्याच एकसंध सांगाड्यावर गाडी उंच केली आहे. तिची पाठ बघाल तर ती हॅचबॅकची किंवा इस्टेटची निघेल. 2008 च्या बीएमडब्ल्यू एक्स-6 सारख्या गाडीत छत मागे उतरतं म्हणून तिला कूपे म्हणतात, पण मागचं दार काचेसकटच वर जातं.